एकशे साठ युरो गेले, एकशे साठ आले, मग नऊशे सोळा रुपये कुठे राहिले? कार्ड विभागांना खुले पत्र

प्रति,
भारतात क्रेडिट आणि डेबिट कार्डे देणाऱ्या सर्व बँकांचे कार्ड विभागप्रमुख

विषय : परदेशी खरेदीचा पूर्ण परतावा आल्यावर मार्कअप शुल्क परत करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच आहे. एका बँकेच्या कार्ड विभागात एकोणीस वर्षे हिशेब जुळवणीच्या टेबलावर काढली. रोज सकाळी व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्ड नेटवर्ककडून यायची ती फाइल उघडायची, ग्राहकांच्या खात्यांशी ताडून पाहायची आणि जे जुळत नाही त्याच्या मागे लागायचे, हे माझे काम. स्वेच्छानिवृत्ती घेऊन कोल्हापुरात परतलो आणि कुणीतरी गल्लीत बातमी फोडली की याला कार्डाचे स्टेटमेंट वाचता येते. तेव्हापासून सकाळचा चहा एकट्याने झालेला नाही.

हे पत्र त्यातल्याच एका चहाचे.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांची मुलगी श्टुटगार्टला शिकते. थंडी सुरू होण्याआधी तिला जाड कोट हवा होता, म्हणून सरांनी इथे बसून आपल्या कार्डावर एका जर्मन दुकानातून १६० युरोंचा कोट मागवला आणि पत्ता मुलीच्या खोलीचा दिला. कोट खांद्यात घट्ट झाला. युरोपीय संघाच्या ग्राहक नियमांनुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता खरेदी रद्द करता येते, आणि दुकानाने पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत द्यायचे असतात. मुलीने कोट परत पाठवला, दुकानाने १६० युरो पूर्ण परत केले, तशी मेलही आली. सरांच्या कार्डावर मात्र गेले होते १७,२६० रुपये ५९ पैसे आणि आले १६,३४४ रुपये. कमी पडले ९१६ रुपये ५९ पैसे.

सरांनी आधी दुकानाला लिहिले. दुकानाने सभ्यपणे कळवले की आम्ही १६० युरो घेतले आणि १६० युरो दिले. मग त्यांनी बँकेला फोन केला. बँकेचा मुलगा म्हणाला, व्यापाऱ्याकडून जेवढे आले तेवढे जमा केलेत, फरकासाठी व्यापाऱ्याशी बोला. सर माझ्यापुढे दोन्ही कागद ठेवून म्हणाले, "दोघंबी खरं बोलाय लागल्यात. मग मधलं नऊशे रुपय काय विमानातनं पडलं व्हय?"

विमानातून पडले नाहीत. त्यातला मोठा भाग तुमच्याकडे आहे. तो कसा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण हे पत्र सरांसारख्या लोकांनीही वाचावे म्हणून ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत मांडतो, चुकत असेन तर दुरुस्त करा.

सरांनी कोट मागवला १२ सप्टेंबरला. त्या दिवशी फोनवर संदेश आला तो फक्त मंजुरीचा होता: दुकानाने विचारले एवढी रक्कम आहे का, बँकेने हो म्हटले आणि तेवढी मर्यादा अडवून ठेवली. पैसे हलले ते दुकानाने पार्सल रवाना केल्यावर, १५ तारखेला, जेव्हा दुकानाच्या बँकेची वसुलीची नोंद नेटवर्कमार्फत आपल्याकडे आली. रुपयांचा दर ठरला तो या दुसऱ्या दिवशी. सरांच्या कार्डाला त्या दिवशी नेटवर्कने १०३ रुपये ६० पैसे असा युरोचा दर लावला. १६० युरोंचे झाले १६,५७६ रुपये. त्यावर तुम्ही चलन बदलून दिल्याचे शुल्क म्हणून साडेतीन टक्के मार्कअप लावला, म्हणजे ५८० रुपये १६ पैसे, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, १०४ रुपये ४३ पैसे. बेरीज १७,२६० रुपये ५९ पैसे.

इथे सरांसाठी थोडे थांबतो. दुकानाला यातले फक्त १६० युरो दिसतात. मार्कअप आणि त्यावरचा कर दुकानाला माहीतही नसतो. तो त्याच्या हातात आला नाही, म्हणून तो परतही करू शकत नाही. 'पूर्ण परतावा' हे शब्द दुकानाच्या चलनात खरे असतात. रुपयात ते खरे ठरतील याची हमी दुकान देऊच शकत नाही, कारण रुपयाचा सगळा व्यवहार नेटवर्क आणि तुम्ही यांच्यात झाला.

आता परतीचा प्रवास. लोकांना वाटते की परतावा म्हणजे आधीचा व्यवहार पुसला जातो. तसे होत नाही, आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे. व्हिसाच्या फाइलमध्ये विक्रीची नोंद ०५ या संकेताने येते, परताव्याची ०६ ने, आणि विक्री खरोखर उलटवायची असेल तर २५ हा वेगळाच संकेत आहे. दुकानांचे परतावे सहसा ०६ ने येतात. म्हणजे जुन्या व्यवहाराचा उलटा व्यवहार नव्हे, तर एक नवाच जमेचा व्यवहार, त्याच्या स्वतःच्या तारखेचा आणि स्वतःच्या दराचा. सरांचा परतावा २२ ऑक्टोबरला आला. तोवर युरो उतरला होता, शिवाय खरेदीला लागणारा दर आणि जमेला लागणारा दर यांत नेटवर्क थोडे अंतर ठेवू शकते, सराफाच्या घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात असते तसे. दर पडला १०२ रुपये १५ पैसे. १६० युरोंचे १६,३४४ रुपये, आणि तेवढेच जमा झाले.

तर ९१६ रुपये ५९ पैशांची फोड अशी होते: दराच्या फरकाचे २३२ रुपये, मार्कअप आणि त्यावरच्या कराचे ६८४ रुपये ५९ पैसे. चारातले तीन भाग मार्कअपचे.

२३२ रुपयांबद्दल मी तुमच्याशी भांडत नाही. दर ना तुमच्या हातात, ना दुकानाच्या. रुपया घसरला असता तर सरांना जास्त मिळाले असते आणि त्यांनी ते परत करायला तुमच्या शाखेत रांग लावली नसती. पण मार्कअपमुळे हा जुगारही सरळ राहत नाही. सरांना नुसती बरोबरी साधायला परतीच्या दिवशी युरो १०७ रुपये ८८ पैशांना असावा लागला असता. महिनाभरात सव्वाचार रुपयांनी युरो वर, हे कधीतरीच घडते. म्हणजे वस्तू मागवताक्षणी ग्राहक चार टक्क्यांहून जास्त खड्ड्यात उभा असतो, आणि वस्तू परत केली तरी तो खड्डा भरत नाही.

आणि सरांचे प्रकरण तिथेच थांबले नाही. मुलीला कोट तर हवाच होता. दुकानाकडे अदलाबदलीची सोय नव्हती. युरोपातली बरीच दुकाने हेच सांगतात: हा परत करा, दुसरा नव्याने मागवा. तिने परत पाठवला त्याच आठवड्यात सरांनी एक माप मोठा कोट मागवला. तेव्हा दर १०३ रुपये होता: १६,४८० रुपये, त्यावर मार्कअप ५७६ रुपये ८० पैसे आणि कर १०३ रुपये ८२ पैसे. कोट अंगावर एकच आला, पण चलन बदलून दिल्याचे शुल्क दोनदा गेले, करासह १,३६५ रुपये २१ पैसे. सर गणिताचे शिक्षक नव्हते, मराठीचे होते, तरी त्यांनी हा आकडा पाहून जे काही उद्गार काढले त्यांचे व्याकरण अगदी शुद्ध होते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

परतावा आल्यावर मार्कअप का परत देत नाही, असे विचारले की तुमच्याकडून दोन उत्तरे येतात. मी स्वतः ती पुष्कळदा लिहून पाठवली आहेत, त्यामुळे पाठ आहेत. पहिले उत्तर: चलन बदलण्याची सेवा दिली गेली, ती परत घेता येत नाही. दुसरे: परतावा हा स्वतंत्र व्यवहार आहे, तो कुठल्या खरेदीचा हे यंत्रणेला कळत नाही.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात निम्मे तथ्य आहे. परताव्याच्या नोंदीत मूळ खरेदीचा दुवा भरवशाने येत नाही. कधी कार्ड बदललेले असते, कधी तीन वस्तूंतली एकच परत आलेली असते, कधी दुकान एका नावाने पैसे घेते आणि दुसऱ्या नावाने देते. जुळवणीच्या टेबलावर यासाठी मी रात्री काढल्या आहेत. पण मग रिवॉर्ड पॉइंट्सचे काय? सरांना त्या कोटावर जे पॉइंट्स मिळाले होते ते परतावा जमा झाला त्याच दिवशी वजा झाले. कुणी दुवा शोधला नाही, कुणी फोन केला नाही, अर्ज मागितला नाही. यंत्रणेने जमेची रक्कम पाहिली, त्याच सूत्राने पॉइंट्स काढले आणि उणे चिन्ह लावून मोकळी झाली. दिलेले परत घेताना जे सूत्र चालते, घेतलेले परत देताना त्याचीच यंत्रणेला अडचण होते, हे मला एकोणीस वर्षांत कधी पटवून घेता आले नाही.

माझी मागणी एवढीच आहे: मार्कअपलाही पॉइंट्सचे सूत्र लावा. परकीय चलनातली जमा आली की तिच्या रुपयातल्या रकमेवर तोच टक्का, तोच कर, फक्त चिन्ह उलटे. दुवा शोधायची गरजच नाही. एका वस्तूचे पैसे आले तर एका वस्तूचा मार्कअप परत जाईल, अर्ध्याचे आले तर अर्ध्याचा. सरांच्या बाबतीत १६,३४४ वर साडेतीन टक्के म्हणजे ५७२ रुपये ४ पैसे, त्यावरचा कर १०२ रुपये ९७ पैसे, एकूण जमा १७,०१९ रुपये १ पैसा झाली असती. कमी पडले असते २४१ रुपये ५८ पैसे, आणि ते निखळ दराचे. ते सरांनी युरोच्या नावाने सोडून दिले असते.

हे अशक्य नाही, कारण काही ठिकाणी आजही होते. ज्या बँकांच्या यंत्रणेत मार्कअप वेगळ्या ओळीत न येता दरातच मुरवलेला असतो, तिथे जमेलाही तोच मुरवलेला दर लागून मार्कअप आपोआप परत गेलेला मी पाहिला आहे. तिथल्या कुणी दयाबुद्धीने तसे ठरवले असेल असे नाही, सूत्र तसे लिहिले गेले होते एवढेच. उलट प्रकारही पाहिला आहे: जमेवरही मार्कअप कापला जातो. सरांच्या कार्डावर तसे झाले असते तर त्यांच्या हाती १५,६६८ रुपये ९९ पैसे आले असते, आणि तूट जवळपास सोळाशेवर गेली असती. तीन कार्डे, एकच कोट, एकच परतावा आणि तीन वेगळे आकडे. ग्राहकाने कार्ड घेताना यातले काही विचारले, तर समोरच्या विक्री प्रतिनिधीला आपले कार्ड कोणत्या प्रकारचे हे सांगता येत नाही. त्याला विमानतळावरचे लाउंज किती वेळा मिळते ते बरोबर माहीत असते.

आता पहिले उत्तर, सेवा दिली गेल्याचे. दिली गेली, मान्य. पण त्याच खरेदीवर तुम्हाला दुकानाच्या बँकेकडून इंटरचेंजचा, म्हणजे दुकानाकडून घेतलेल्या शुल्कातला, वाटा मिळाला होता. परतावा आला की नेटवर्क साधारणपणे तो वाटाही उलटवते आणि तुम्ही तो विनातक्रार परत करता. सेवा तर तेव्हाही दिली गेलेली असते. म्हणजे सौदा मोडला तर त्यावरची कमाई परत जाते हे तत्त्व तुम्ही दुसऱ्या बँकेशी पाळता. ते ग्राहकाशी पाळायचे तेवढे राहिले आहे. जीएसटीचा बाऊ करू नका. आकारलेले मूल्य नंतर कमी झाले तर क्रेडिट नोट काढण्याची तरतूद केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे आणि तुमचे लेखा विभाग ती इतर शुल्कांसाठी वापरतात.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो आणि तो तुम्ही सहसा बोलून दाखवत नाही. मार्कअप परत मिळणार असेल तर एखादा हुशार माणूस महागडी वस्तू मागवेल, पार्सल न फोडता ठेवेल, युरो चढला की परत करेल आणि फरक खिशात घालेल. असे लोक असतात, नाही म्हणत नाही. पण परतीची मुदत आठवड्यांची असते, वर्षांची नव्हे, तेवढ्यात दर कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसते, आणि दुकानेही अशा गिऱ्हाइकाला दोनतीनदा पाहून दार लावतात. तरी भीती वाटत असेल तर मर्यादा घाला: वर्षात एवढ्या रकमेपर्यंतच्या जमेवर मार्कअप परत, त्यापुढे अर्ज. चार चलाख लोकांसाठी सगळ्या सरांना दंड कशाला?

दुसरी मागणी छोटी आहे, पण रोजच्या चहाच्या दृष्टीने माझ्यासाठी मोठी. परताव्याच्या ओळीत परकीय चलनातली रक्कम, लावलेला दर आणि दराची तारीख छापा. खरेदीच्या ओळीत निदान युरोंचा आकडा असतो. सरांच्या स्टेटमेंटवर जमेच्या ओळीत दुकानाचे नाव, रुपये आणि शेवटी `CR` एवढेच होते. आणि मार्कअपची ओळ होती ती खरेदीनंतर दोन दिवसांनी, तीन इतर खर्चांच्या खाली, `FCY MARKUP FEE` अशी. हे शुल्क कोटाचे आहे हे सरांना कसे कळावे? त्यांनी ते वार्षिक फी समजून सोडून दिले होते.

तुम्ही छापेपर्यंत वाचकांनी काय करावे तेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या दारातली गर्दी कमी होईल. रुपयांच्या रकमेला परकीय रकमेने भागा. सरांच्या जमेचे १६,३४४ भागिले १६० म्हणजे १०२.१५. मग व्हिसा किंवा मास्टरकार्ड, तुमचे कार्ड ज्याचे असेल त्याच्या संकेतस्थळावर दर मोजायचे पान आहे ते उघडा. तिथे दोन्ही चलने आणि तारीख टाकायची, आणि बँकेचे शुल्क विचारणारा रकाना असतो त्यात शून्य घालायचे. तारीख मागवल्याची नव्हे, स्टेटमेंटवर नोंद झाल्याची घ्या, आणि जुळले नाही तर एक-दोन दिवस मागची घेऊन पाहा, कारण नेटवर्कची प्रक्रियेची तारीख आणि बँकेची नोंदीची तारीख नेहमी एक नसते. खरेदीचा तुमचा भागाकार नेटवर्कच्या दराशी जवळपास जुळला तर मार्कअप वेगळ्या ओळीत कुठेतरी आहे, शोधा. तीन-साडेतीन टक्क्यांनी जास्त आला तर तो दरात मुरवला आहे. परताव्याचा भागाकार मात्र नेटवर्कच्या दरापेक्षा तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी आला तर बँकेने जमेवरही हात मारला आहे, आणि मग लेखी तक्रार करा, फोनवर बोलत बसू नका.

पैसे कमी आले नसून आलेच नसतील तर प्रश्न वेगळा. तेव्हा दुकानाकडून परताव्याचा एआरएन मागायचा. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि तो दिला की बँकेला नोंद शोधता येते. सरांकडे तो होता, पण त्याचा इथे उपयोग नव्हता, पैसे हरवलेच नव्हते.

यातून वाचायचा एक मार्ग खुद्द व्यवहाराच्या रचनेतच आहे आणि तो लोकांना कुणी सांगत नाही. वर मंजुरी आणि वसुली हे दोन वेगळे टप्पे सांगितले. दुकानाने पार्सल पाठवण्याआधी, वसुली लावण्याआधी ऑर्डर रद्द केली तर नुसती अडवलेली मर्यादा सुटते. ना दर, ना मार्कअप, ना परतावा. मापाबद्दल शंका आली तर ती पहिल्या काही तासांत येऊ द्यावी. आणि पुन्हा त्याच दुकानातून घ्यायचे असेल तर पैसे परत मागण्याऐवजी दुकानाचे युरोंतले व्हाउचर मिळते का पाहावे, कारण ते युरोंतच राहते, रुपयांकडे येतच नाही. सरांनी तेवढे केले असते तर दुसऱ्या कोटाचा मार्कअप वाचला असता. मी त्यांना हे सांगितले तेव्हा दुसरा कोट श्टुटगार्टला पोचला होता.

काही जण म्हणतील, दुकानाच्या पानावरच रुपयांत पैसे भरायचा पर्याय असतो, तो का घेऊ नये? रुपये दिले की मार्कअप नाही असे वाटते. पण तिथे चलन दुकानाच्या बाजूची कंपनी बदलून देते, तिच्या दरात तिचा नफा असतो, आणि दुकान परदेशातले म्हणून आपल्या बऱ्याच बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही वेगळे शुल्क लावतात. घरी भारतात माल मागवून परत पाठवणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो तो सीमाशुल्काचा. तो सरकारने घेतलेला असतो, दुकानाने नव्हे, त्यामुळे पूर्ण परताव्यात तो नसतोच. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७४ मध्ये पुन्हा निर्यात केलेल्या मालावरचे ९८ टक्के शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे खरी, पण एका बुटाच्या जोडीसाठी ती कागदपत्रे करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्याबद्दल वेगळ्या खात्याला वेगळे पत्र लिहावे लागेल. हे पत्र तुम्हाला आहे, कारण मार्कअपचा टक्का फक्त तुम्ही ठरवता.

तो किती असावा यावर मी काही म्हणत नाही. साडेतीन घ्या, दोन घ्या. काही कार्डांवर तुम्ही शून्यही ठेवला आहे. जो टक्का जाताना घेता तोच येताना द्या, आणि देणार नसाल तर कार्डाच्या महत्त्वाच्या अटींच्या पानावर, जिथे उशिरा भरल्याचा दंड ठळक छापता तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा की परदेशी खरेदी परत केली तरी आमचे शुल्क परत मिळणार नाही. आणि ग्राहक सेवेतल्या मुलांना 'व्यापाऱ्याशी बोला' हे वाक्य या एका तक्रारीपुरते तरी विसरायला सांगा. ती मुले खोटे बोलत नाहीत, त्यांच्या पडद्यावर दुसरे काही दिसतच नाही. दिसत असते तर सरांच्या नऊशे सोळा रुपयांचा हिशेब त्यांनीच फोनवर दोन मिनिटांत सांगितला असता.

सरांनी आपल्या बँकेला लेखी अर्ज केला आहे, दोन्ही कोटांचे आकडे जोडून. मी त्यांना तो लिहायला मदत केली, पण मराठी त्यांचीच. उत्तर आले आहे: 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, कृपया व्यापाऱ्याशी संपर्क साधावा.' पुढचा अर्ज रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईल. त्याचा मसुदा सरांनी केला आहे आणि उद्या सकाळी ते तो घेऊन चहाला येणार आहेत.

कळावे.

आपला,
जुळवणीच्या टेबलावरचा एक माजी सहकारी
कोल्हापूर